हरवलेल्या पानाचा पत्ता आणि तारीख



दादरा आणि नगर हवेली या नावाचा स्वतंत्र केंद्रशासित प्रदेश आज कागदोपत्री नाही. संसदेने 2019 मध्ये केलेल्या कायद्याने तो दमण आणि दीवला जोडला गेला आणि 26 जानेवारी 2020 पासून दोन्ही मिळून एक प्रदेश झाला. आपली गावे जागेवरच राहिली. रांधा रांध्यातच आहे आणि सिल्वासाही तिथेच आहे. बदलले ते कचेरीचे नाव, आणि कचेरीच्या नावाबरोबर तिचा महाजालावरचा पत्ताही बदलला. जुन्या प्रशासनाचे संकेतस्थळ `dnh.nic.in` या पत्त्यावर होते. नव्या प्रदेशाचे संकेतस्थळ `ddd.gov.in` या पत्त्यावर आहे.

1954 मध्ये हा मुलूख मुक्त झाला आणि 1961 मध्ये भारतीय संघराज्यात आला. मधल्या सात वर्षांत वरिष्ठ पंचायतीने इथला कारभार पाहिला. त्या काळी जे निघाले ते कागदावर निघाले, आणि कागद घरच्या पेटीत राहू शकतो. त्यानंतर अर्ध्या शतकाने परिस्थिती वेगळी झाली. निवड याद्या, नोकरभरतीच्या जाहिराती, निविदा आणि अधिसूचना संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात टाकल्या जाऊ लागल्या. घरात उरला तो फार तर एका पानाचा छापील उतारा. त्यामुळे एखाद्या घरी 1956 चा कागद सापडतो, पण 2016 ची यादी सापडत नाही, असा उलटा प्रकार आज दिसतो. ती यादी परत कशी मिळवायची, आणि मिळाली तर तिच्यावर किती विसंबायचे, एवढाच आजचा विषय आहे.

हरवले की हलले?

पान उघडत नाही म्हणजे मजकूर गेला, असे लगेच धरू नये. याचे चांगले उदाहरण मराठी विश्वकोशाचे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून 1976 पासून निघू लागलेले विश्वकोशाचे खंड पुढे महाजालावर आले, ते `marathivishwakosh.in` या पत्त्यावर. अनेक लेखांच्या तळटीपांत तोच पत्ता दिलेला आढळतो. आज हे खंड `vishwakosh.marathi.gov.in` या पत्त्यावर वाचायला मिळतात. म्हणजे मजकूर शाबूत आहे, फक्त घर बदलले आहे. नोंदीचे नाव ठाऊक असेल तर नव्या घरी ती थेट शोधता येते. पण जुन्या तळटीपेत नाव नसून नुसते आकड्यांचे लांबलचक शेपूट असेल, तर जुन्या पत्त्याची जपलेली प्रत उघडावी, तिच्यावरून नोंदीचे नाव वाचावे आणि मग नव्या घरी जावे. इथे संग्रहाचा उपयोग वाटाड्या म्हणून होतो.

आपल्या जुन्या प्रशासनाच्या कागदांनाही प्रथम हीच तपासणी लावावी. नव्या संकेतस्थळावर तो विषय, तो क्रमांक किंवा ती तारीख शोधून पाहावी. सापडले नाही, तरच संग्रहाकडे वळावे.

संग्रह नेमके काय जपतो?

मी ज्या संग्रहाबद्दल बोलतो आहे तो अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरातला इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर काल यांनी ही ना-नफा संस्था 1996 मध्ये स्थापन केली आणि 2001 मध्ये तिचे ‘वेबॅक मशीन’ सर्वांसाठी खुले झाले. त्याचा पत्ता `web.archive.org`. पैसे लागत नाहीत आणि पाहण्यासाठी नाव नोंदवावे लागत नाही.

याचे काम ग्रंथालयासारखे चालते असे आपण समजतो, आणि तिथेच घोटाळा होतो. ग्रंथालयात आपण पुस्तकाचे नाव सांगतो. इथे मुळात पुस्तके नाहीत. या संस्थेचे यंत्र एका पत्त्यावर जाते, त्या क्षणी तिथून जे उत्तर येईल ते टिपून ठेवते, टिपल्याची वेळ लिहिते आणि त्या पानावर असलेल्या दुव्यांवरून पुढच्या पत्त्याकडे जाते. एखाद्या टपालवाल्याने दर खेपेला दार वाजवावे आणि दारात कोण आले, काय म्हणाले, ते तारखेसह वहीत लिहावे, तसे हे आहे. दार बंद असेल तर ‘बंद’ असेही तो लिहितो. म्हणून या वहीत शोधायला दोनच गोष्टी लागतात: पत्ता आणि तारीख. यांतला पत्ता आपण आणायचा असतो. तारीख वहीतून मिळते, पण ती नीट वाचावी लागते.

पत्ता कुठून आणायचा?

घरातला छापील उतारा आधी काढा. ब्राउझरमधून छापलेल्या कागदाच्या वरच्या किंवा खालच्या कडेला बारीक अक्षरांत पानाचा पत्ता आणि छपाईची तारीख बहुधा आलेली असते. आपण ती ओळ कधी वाचत नाही, पण शोधाची किल्ली तीच. तसे नसेल तर जुन्या ई-मेलमध्ये, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या तळाशी किंवा अर्जाच्या नकलेवर पत्ता मिळतो. `http` की `https`, पुढे `www` आहे की नाही, याची चिंता नको. संग्रह हे सगळे एकच मानतो. तिरक्या रेघांच्या पुढचा भाग मात्र अक्षरन् अक्षर बरोबर हवा. `l` आणि `1`, `O` आणि `0` यांत छापील कागदावर गल्लत होते, म्हणून दोन्ही घालून पाहावे.

पूर्ण पत्ता नसेल तर नुसता `dnh.nic.in` घालून सुरुवात करता येते. वर वर्षांची पट्टी दिसते. वर्ष निवडले की खाली बारा महिन्यांची दिनदर्शिका येते आणि ज्या दिवशी यंत्र येऊन गेले त्या तारखेभोवती ठिपका असतो. ठिपक्याचा रंग पाहा. निळा म्हणजे पान नीट मिळाले. हिरवा म्हणजे त्या पत्त्याने दुसरीकडे पाठवले. नारिंगी म्हणजे पान सापडले नाही किंवा पाहू दिले नाही. लाल म्हणजे पलीकडचा संगणकच बिघडलेला होता. ठिपका मोठा असेल तर त्या दिवशी यंत्र अनेकदा आले होते. आधी निळ्यावर जावे. निळ्या तारखेवर बोट ठेवले की त्या दिवसातल्या वेळा दिसतात, आणि वेळ दाबली की त्या वेळचे पान उघडते.

मुखपृष्ठाच्या प्रती पुष्कळ मिळतात, पण आतल्या पीडीएफच्या फार थोड्या. यंत्र दाराशी वारंवार येते, माळ्यावर क्वचित चढते. म्हणून त्या काळच्या मुखपृष्ठावरून सूचना किंवा अधिसूचनांच्या यादीच्या पानावर जावे. तिथला दुवा दाबून पीडीएफ उघडली तर काम झाले. उघडली नाही तरी हात रिकामा राहत नाही. दुव्यावर माऊस नेला, किंवा मोबाइलवर बोट दाबून धरले, की फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो. यादीतच बहुधा विषय आणि तारीख लिहिलेली असते. हे यादीचे पान म्हणजे कचेरीची जावक नोंदवही समजा. कागद हरवला असेल, पण तो कधी आणि कोणत्या विषयावर निघाला याची नोंद मिळाली.

तारीख वाचायची कशी?

प्रत उघडल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता असा दिसतो. यातले आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत.

```
https://web.archive.org/web/20200125190000/http://dnh.nic.in/
```

मधले चौदा आकडे म्हणजे टिपल्याची वेळ: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद. म्हणजे 25 जानेवारी 2020, संध्याकाळचे सात. पण ही वेळ ग्रीनिचची असते. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतात. मिळवले की होतात 26 जानेवारीच्या मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. आकडे 25 तारीख सांगतात, पण आपल्याकडे तेव्हा 26 तारीख उजाडली होती आणि नवा प्रदेश अस्तित्वात आला होता. ‘प्रदेश वेगळा असतानाचे हे पान’ असे कुणी या प्रतीवरून म्हणाले तर ते अर्ध्या तासाने चुकीचे ठरेल. संध्याकाळी साडेसहानंतरचे आकडे दिसले की तारीख एकाने पुढे गेली असे समजावे.

दुसरी खबरदारी अशी. आपण पत्त्यात नुसते `2016` घातले, किंवा त्या दिवशी प्रतच नसली, तर संग्रह नकार देत नाही. जवळची जी प्रत असेल ती दाखवतो. जवळची म्हणजे कधीकधी दोन वर्षे दूरचीही. म्हणून आपण काय मागितले ते विसरून, पान उघडल्यावर वरचे चौदा आकडे पुन्हा वाचावेत. आतला दुवा दाबला की पुन्हा वाचावेत, कारण प्रत्येक उडीला तारीख सरकते.

तिसरी गोष्ट याहून नाजूक आहे. एकाच पानावरचा मजकूर आणि त्यातली चित्रे वेगवेगळ्या दिवशी टिपलेली असू शकतात. मजकूर 2015 चा आणि वरचा छायाचित्रांचा पट्टा 2018 चा, असे पान सहज तयार होते. ते त्या रूपात कुठल्याच दिवशी कुणी पाहिलेले नसते. वरच्या पट्टीत `About this capture` नावाची कळ आहे. ती दाबली की पानातला कोणता तुकडा मुख्य पानाच्या किती आधीचा किंवा नंतरचा आहे ते दिसते. अधिकाऱ्याचे नाव किंवा छायाचित्र पुरावा म्हणून घ्यायचे असेल तर ही कळ दाबल्याशिवाय घेऊ नये. पीडीएफला ही अडचण नाही. ती एकसंध फाइल असते, म्हणून तिची तारीख एकच.

एका यादीचा माग

आता एक काम शेवटपर्यंत नेऊन पाहू. समजा, एका घरातल्या मुलाचे नाव 2017 च्या निवड यादीत होते. पुढे यादी बदलली, असे घरचे म्हणतात. यादी बदललीच नव्हती, असे समोरून सांगितले जाते. हातात आहे तो फक्त पीडीएफचा पत्ता. पत्ता नमुन्याचाच घेऊ: `dnh.nic.in/Docs/namuna.pdf`.

दिनदर्शिकेपेक्षा इथे संग्रहाची मूळ वही उघडणे सोयीचे. पत्त्याच्या पट्टीत पुढची ओळ घालायची:

```
https://web.archive.org/cdx/search/cdx?url=dnh.nic.in/Docs/namuna.pdf&fl=timestamp,statuscode,digest,length
```

उत्तरात रंग नसतात, चित्रे नसतात. साध्या ओळी येतात. समजा, तीन ओळी आल्या:

```
20170312054210 200 K3WQ7ZLDM5XJ2TNBVYRH6CPA4SFUEOGI 184223
20170908221503 -   K3WQ7ZLDM5XJ2TNBVYRH6CPA4SFUEOGI 571
20181120070045 200 QD6YJ4RMXW2HK7VATN5ZPLC3BSEGUFOI 185010
```

पहिला रकाना टिपल्याच्या वेळेचा. दुसऱ्यात `200` म्हणजे फाइल नीट मिळाली. तिसऱ्या रकान्यातली बत्तीस अक्षरे सगळ्यांत महत्त्वाची. तो त्या फाइलचा अंगठा आहे. फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी अंगठा पूर्ण वेगळा उमटतो. फाइल तीच असेल तर अंगठाही तोच. चौथा रकाना साठवलेल्या नोंदीच्या आकाराचा.

दुसऱ्या ओळीत `200` ऐवजी आडवी रेघ आहे आणि आकार अगदी लहान आहे. ते बिघडल्याचे लक्षण नाही. यंत्र आले, फाइल आधीचीच असल्याचे त्याने ओळखले आणि ती पुन्हा साठवण्याऐवजी ‘मागचेच’ अशी नोंद केली. घाईघाईत ही ओळ कुणी टाकून देतात. पण आपल्या कामाला तीच मोलाची आहे, कारण मूळ फाइल त्या तारखेपर्यंत जागेवर होती हे तिच्यामुळे कळते.

आता वेळा भारतीय करून घेऊ. पहिली ओळ 12 मार्च 2017, सकाळचे 11 वाजून 12 मिनिटे. दुसरी ओळ 8 सप्टेंबरची दिसते, पण साडेपाच तास मिळवले की 9 सप्टेंबर 2017 ची पहाट होते. तिसरी 20 नोव्हेंबर 2018, दुपारचे साडेबारा. पहिल्या दोन्ही वेळी अंगठा एकच, तिसऱ्या वेळी वेगळा. निष्कर्ष असा: 12 मार्चला आणि 9 सप्टेंबर 2017 ला त्या पत्त्यावर एकच फाइल होती, आणि 20 नोव्हेंबर 2018 ला दुसरी होती. बदल या दोन तारखांच्या मध्ये कधीतरी झाला. नेमका कधी, ते ही वही सांगू शकत नाही. ‘नोव्हेंबर 2018 मध्ये यादी बदलली’ असे विधान केले तर ते टिकणार नाही. बदल त्याआधी चौदा महिन्यांत केव्हाही झालेला असू शकतो.

अंगठा बदलला म्हणून नावे बदलली, असेही लगेच म्हणता येत नाही. तीच यादी कुणी पुन्हा स्कॅन करून चढवली तरी अंगठा बदलतो. म्हणून दोन्ही प्रती उघडून, शेजारी ठेवून, नावे ओळीने ताडून पाहावी लागतात. प्रत जशी आली तशी मिळवण्यासाठी चौदा आकड्यांच्या लगेच पुढे `id_` जोडावे:

```
https://web.archive.org/web/20170312054210id_/http://dnh.nic.in/Docs/namuna.pdf
```

यामुळे संग्रहाची स्वतःची पट्टी किंवा फेरफार न होता मूळ फाइल उतरते. ती आपल्या संगणकावर ठेवावी आणि फाइलच्या नावातच ते चौदा आकडे लिहावेत.

पीडीएफचा पत्ताच माहीत नसेल, तर संकेतस्थळावरच्या जपलेल्या सगळ्या पीडीएफची यादी मागता येते:

```
https://web.archive.org/cdx/search/cdx?url=dnh.nic.in&matchType=domain&from=2015&to=2019&filter=mimetype:application/pdf&collapse=urlkey&limit=500
```

`from` आणि `to` ही वर्षे आपापल्या गरजेप्रमाणे बदलावीत. `collapse` मुळे एका पत्त्याची एकच ओळ येते. `limit` घातला नाही तर ओळींचा डोंगर येतो. मग ब्राउझरच्या शोधपेटीत फाइलच्या नावातला एखादा शब्द घालून पाहावा.

निळा ठिपका असूनही फसगत

कधी ठिपका निळा असतो, वहीत `200` असते, पण उघडल्यावर दिसते ते संकेतस्थळाचे मुखपृष्ठ किंवा ‘पान सापडत नाही’ अशी पाटी. काही संकेतस्थळे पान नसतानाही ‘आहे’ असे उत्तर देतात. यंत्र बिचारे ते खरे मानते. ओळखायची खूण वहीतच आहे. वेगवेगळ्या पीडीएफच्या पत्त्यांसमोर एकच अंगठा दिसला, किंवा प्रकाराच्या रकान्यात `application/pdf` ऐवजी `text/html` आले, तर त्या साऱ्या प्रती म्हणजे एकच पाटी आहे.

काही गोष्टी या संग्रहात शोधूनही मिळणार नाहीत. जिथे काहीतरी भरून विचारावे लागते, म्हणजे सर्वे नंबर घालून जमिनीचा उतारा किंवा नाव घालून मतदार यादीतली नोंद, तिथे यंत्र पोहोचत नाही. त्याला दुवे दिसतात, रिकामे चौकोन भरता येत नाहीत. पासवर्डच्या आतलेही तसेच. आणि संकेतस्थळाच्या मालकाने विनंती करून पाने वगळवली असतील तर `This URL has been excluded from the Wayback Machine` असा संदेश येतो. `has not archived that URL` असा संदेश आला तर अर्थ वेगळा: कुणी अडवले नाही, यंत्रच तिथवर गेले नाही. पहिल्या संदेशानंतर शोध थांबवावा. दुसऱ्यानंतर पत्त्याचे अक्षर पुन्हा तपासून वही चाळावी.

मराठी अक्षरांची अडचण

आपल्या मराठी पानांना एक जास्तीचा अडथळा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी, साधारण 2000 सालाच्या आगेमागे, मराठी नियतकालिकांची आणि शासनाची पाने ज्याच्या त्याच्या फाँटात असत. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवले जाई. फाँट संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर भलतेच. संग्रहाने असे पान इमानाने जपले असले तरी आज ते उघडल्यावर `¨É½þÉ®úÉ¹]Åõ` असे काहीतरी दिसते आणि माणूस म्हणतो, प्रत खराब झाली.

प्रत खराब नसते. वर लिहिले आहे तो ‘डीव्ही-टीटी योगेश’ या फाँटातला ‘महाराष्ट्र’ हा शब्द आहे. अशा वेळी पानावर उजवी कळ दाबून मूळ संकेत पाहावा आणि त्यात `font face` हे शब्द शोधावेत. त्यांच्यापुढे फाँटचे नाव लिहिलेले असते. नाव कळले की दोन वाटा आहेत. तो फाँट मिळवून संगणकावर बसवावा, म्हणजे पान पूर्वीसारखे दिसते. नाहीतर मजकूर उचलून त्या फाँटचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या साधनात घालावा. रूपांतर झाल्यावर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी या तीन जागा डोळ्यांनी तपासाव्यात, कारण जुन्या फाँटांत या खुणा उच्चाराच्या क्रमाने नसून दिसण्याच्या क्रमाने लिहिलेल्या असत. नावांच्या यादीत ही चूक महागात पडते. सरसकट चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र आशा कमी. तिथे मूळ अक्षरेच हरवलेली असण्याचा संभव असतो.

मिळालेल्या प्रतीचे करायचे काय?

ही प्रत म्हणजे शिक्क्याचा कागद नव्हे. तिचा सर्वांत चांगला उपयोग असा की तिच्यावरून अधिसूचनेचा क्रमांक, तारीख, विभाग आणि सही करणाऱ्याचे पद कळते. ‘2017 ची ती यादी द्या’ असा मोघम अर्ज केला तर कचेरीला ‘आढळ होत नाही’ म्हणणे सोपे जाते. क्रमांक आणि तारीख लिहून माहिती अधिकार कायदा, 2005 खाली साक्षांकित प्रत मागितली तर अर्जाला धार येते. विलीनीकरणानंतर तो विभाग कोणत्या नावाने चालतो ते पाहून अर्ज तिथे करावा आणि त्यात विभागाचे जुने नावही लिहावे. प्रकरण न्यायालयात जाणार असेल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागते; पूर्वी हेच काम जुन्या कायद्याचे कलम 65ब करत असे. त्यासाठी वकिलांना फाइल, पूर्ण पत्ता आणि ती कुणी, कधी, कोणत्या संगणकावर उतरवली याची टिपण अशा तिन्ही गोष्टी द्याव्यात.

सापडलेली प्रत त्याच दिवशी उतरवून घ्यावी. नंतर बघू म्हणून नुसता दुवा जपू नये. ऑगस्ट 2017 मध्ये चित्रपटांच्या नकलांविषयीच्या एका खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे हा संग्रह भारतात काही काळ उघडतच नव्हता. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच्यावर सायबर हल्ला झाला आणि तो काही दिवस जगभर बंद राहिला. दोन्ही वेळा तो परत आला. पण ज्याची सुनावणी त्याच आठवड्यात होती, त्याला त्याचा काय उपयोग?

आज जे पान उघडते आहे त्याचेही तसेच. `web.archive.org/save` या पत्त्यावर गेले की एक चौकोन दिसतो. त्यात पानाचा पत्ता घालून कळ दाबली की ते पान त्या क्षणी वहीत नोंदले जाते. यादीचे पान आणि त्यातली पीडीएफ ही दोन वेगळी पत्ते आहेत, म्हणून दोन्ही वेगवेगळे घालावेत. नोंद झाल्यावर मिळणारा चौदा आकड्यांचा पत्ता छापील उताऱ्यावर पेनाने लिहावा, आणि तो कागद घरच्या पेटीत, 1956 च्या कागदाशेजारी ठेवावा.